राजीनामा दिलेल्या इंजिनियरचा लॅपटॉप आणि लॉग: पुरावा म्हणून कसे जपायचे?

मंदार_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणजवळ आमची वाहनांच्या सुट्या भागांचं डिझाइन करणारी मध्यम आकाराची कंपनी आहे. मी आयटी बघतो, हाताखाली दोन मुलं आहेत. डिझाइनमधल्या एका सीनियर इंजिनियरचा नोटीस पीरियड शुक्रवारी संपला. लॅपटॉप जमा करून तो गेला. सोमवारी एका ग्राहकाने फोन करून सांगितलं की दुसऱ्या कंपनीच्या कोटेशनसोबत आलेलं ड्रॉइंग आमच्यासारखं दिसतंय. मागवून पाहिलं तर टायटल ब्लॉक बदललेला, पण कोपऱ्यात आमचा रिव्हिजन नंबर तसाच राहिलेला.

लॅपटॉप शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत एचआरच्या कपाटात होता. कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत, दुसरी कोणाकडे होती ते नक्की सांगता येत नाही. सोमवारी सकाळी आमच्या एका मुलाने नव्या माणसाला द्यायचा म्हणून तो चालू केला, अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन केलं, थोडं इकडेतिकडे पाहिलं, आणि डायरेक्टरांचा निरोप आल्यावर बंद केला. आता तो माझ्या टेबलावर बंद आहे. विंडोज ११, ५१२ जीबीची एनव्हीएमई डिस्क, बिटलॉकर चालू. मेल आणि वनड्राइव्ह मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, ड्रॉइंग्ज ऑफिसमधल्या फाइल सर्व्हरवर.

पोलीस तक्रार करायची हे ठरलंय. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आधी काय हातात घेऊ, डिस्क की लॉग? आणि ताब्याच्या नोंदीचा फॉर्म शुक्रवारपासूनचा भरून घ्यावा असं वरून सुचवलं जातंय. मला ते पटत नाही, पण नोंदच नसेल तर पुरावा फुकट जाईल का?

सर्किटराजा

एवढं अवघड काही नाही. तेवढ्याच क्षमतेची दुसरी एसएसडी आणा, एखाद्या चांगल्या सॉफ्टवेअरने क्लोन करा, मूळ डिस्क पाकिटात घालून ठेवा. दोन्हींचा हॅश काढा. जुळला की कोर्टात कोणी तोंड उघडू शकत नाही. अर्ध्या दिवसात मोकळे व्हाल.

रानवारा

धागा वाचतोय. आमच्याकडे असा लॅपटॉप संध्याकाळपर्यंत फॉरमॅट होऊन दुसऱ्याच्या टेबलावर गेलेला असतो.

वैदेही_के

मंदार, मी पुण्यात याच क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फॉर्मबद्दल. मागच्या तारखेने काहीही भरू नका, कोणीही सांगितलं तरी. तुमचा लॅपटॉप सोमवारी चालू झाला याची नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. इव्हेंट लॉगमध्ये सुरू झाल्याची वेळ आहे, अ‍ॅडमिनचं लॉगिन आहे, बंद केल्याची वेळ आहे. समजा फॉर्मवर लिहिलंत की शुक्रवारी सायंकाळी सीलबंद केला आणि सील तसंच होतं. मग समोरचा वकील तज्ज्ञाला एकच प्रश्न विचारेल, सीलबंद लॅपटॉपमध्ये सोमवारी लॉगिन कोणी केलं? तिथून पुढे तुमच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आज, आजच्या तारखेने, पहिली नोंद करा. शुक्रवारी किती वाजता कोणी कोणाकडे दिला, कुठे ठेवला, किल्ल्या किती, त्यातली एक कोणाकडे होती हे निश्चित नाही, सोमवारी कोणी किती वाजता चालू केला, त्याने काय काय उघडलं, कधी बंद केला. ज्याने चालू केला त्याने हे स्वतःच्या शब्दांत लिहून सही करावी. तो मुलगा घाबरला असेल. त्याला सांगा की त्याचं निवेदन मशीनच्या नोंदींशी जुळलं तर त्याचं ते चालू करणं पुराव्यात समजावून सांगता येतं. लपवलं तर येत नाही.

आता डिस्क की लॉग. लॉग आधी. डिस्क बंद पडून आहे, ती उद्याही तशीच असेल. लॉग मात्र तुम्ही हे वाचत असतानाही पुसले जात आहेत. विंडोज सर्व्हरवर सिक्युरिटी लॉगचा आकार कोणी वाढवला नसेल तर तो साधारण २० एमबीचा असतो. भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. वर्दळीच्या फाइल सर्व्हरवर ही मुदत दिवसांत नव्हे, तासांत मोजावी लागते. तेव्हा आत्ता उठा आणि सर्व्हरवर हे करा. त्याच्या लॅपटॉपवर नाही.

```
wevtutil epl Security E:\FS01_Security.evtx
certutil -hashfile E:\FS01_Security.evtx SHA256
```

ई ड्राइव्ह म्हणजे नवी कोरी बाहेरची डिस्क. हॅशचा आकडा, वेळ, कोणी केलं आणि सर्व्हरच्या घड्याळात व मोबाइलच्या वेळेत किती फरक होता, हे सगळं त्याच मिनिटाला कागदावर उतरवा. फायरवॉलचे लॉगही आजच. स्क्रीनशॉट घेतलेत तर घ्या, पण पुरावा म्हणून मूळ स्वरूपातली फाइलच हवी.

आणि एचआरची कामावरून सोडताना करायच्या कामांची यादी ताबडतोब थांबवा. त्याचं खातं डिलीट केलं तर ३६५ मध्ये मेलबॉक्स आणि वनड्राइव्ह नेहमीच्या सेटिंगला ३० दिवसांनी जातात. शिवाय लॅपटॉपची नोंद डिरेक्टरीतून काढली की बिटलॉकरची रिकव्हरी की तिच्याबरोबर जाते. मग डिस्कची कितीही सुबक प्रत काढलीत तरी आत काय आहे ते दिसणार नाही. खातं फक्त बंद करा, पासवर्ड बदला, मेलबॉक्सवर होल्ड लावा, आणि रिकव्हरी की आजच काढून कागदावर घ्या.

सर्किटराजा

वैदेहीताई, लॉगचं मान्य. पण क्लोनमध्ये काय चूक आहे ते सांगितलं नाहीत. हॅश हा शेवटी गणिती पुरावाच की.

वैदेही_के

राजा, हॅशबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण तो एवढंच सांगतो की प्रत काढली त्या क्षणी डिस्कवर जे होतं तेच प्रतीत आहे. त्या क्षणाच्या आधी कोणी काही घातलं किंवा काढलं का, हे हॅशला ठाऊक नसतं. त्यासाठीच ताब्याची नोंद लागते.

क्लोनची अडचण अशी की डिस्क विंडोजच्या मशीनला थेट जोडली की विंडोज तिच्यावर लिहायला लागते, तुम्ही कशालाही हात लावला नाहीत तरी. म्हणून मध्ये राइट ब्लॉकर लागतो, वाचू देणारा पण लिहू न देणारा. दुसऱ्या डिस्कवर क्लोन करण्यापेक्षा इमेज फाइल बरी. फॉरेन्सिक स्वरूपातल्या इमेजमध्ये तपासणीचे आकडे आतच साठवलेले असतात, आणि चुकून जोडली तरी ती बदलत नाही.

अ‍ॅड_सातारकर

वैदेहीताईंनी कागदावर जो भर दिला त्याला कायद्याची बाजू जोडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब च्या जागी आता कलम ६३ आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना ६३(४) खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचे आता दोन भाग आहेत. भाग अ त्या यंत्रणेची जबाबदारी असणाऱ्याने भरायचा, म्हणजे बहुधा मंदार तुम्हीच. भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत हॅशचा आकडा लिहायची आणि कुठल्या पद्धतीने काढला त्यावर खूण करायची जागा आहे. नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५ छापलेले आहेत. एमडी-५ वर खूण करता येते म्हणून तेवढ्यावर थांबू नका, एसएचए-२५६ काढाच. हा आकडा प्रत काढताना काढलेला हवा. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र भरताना काढलेला आकडा मधल्या सहा महिन्यांबद्दल काहीच सांगत नाही.

प्रमाणपत्राचा आग्रह किती खरा आहे हे आपल्या जालन्याच्या खटल्यातून कळतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण हा पुरावा होता, आणि वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्रच न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ज्याच्याकडून मिळायला हवं तो देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवता येतं. निकाल जुन्या कलमावर आहे, पण नव्या कलमाची रचना त्याच वळणाची आहे.

तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३(ब), म्हणजे परवानगीशिवाय डेटा उतरवून किंवा कॉपी करून घेणं, आणि अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ येईल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

भाऊसाहेब_पाटील

माझीही हार्ड डिस्क महिन्याभरापूर्वी खाली पडली, टक टक आवाज येतो. त्यात नातवाचे सगळे फोटो आहेत. मलाही हा हॅश आणि कस्टडी फॉर्म भरावा लागेल का?

वैदेही_के

भाऊसाहेब, तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही. हा सगळा खटाटोप कोर्टासाठी आहे. तुम्ही एकच करा, ती डिस्क परत परत चालू करून पाहू नका. टक टक आवाज म्हणजे आतला भाग आपटतोय. सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

नदीकाठ

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मी त्या खुर्चीत बसले आहे.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीत (नाव लिहीत नाही) माझ्यावर असाच आरोप झाला होता. आयटीने एक्सेल शीट समोर ठेवली, त्यात माझ्या नावावर पहाटे पावणेतीनच्या सुमाराला डाउनलोड. रात्री पावणेतीनला तुम्ही डिझाइनच्या फोल्डरमध्ये काय करत होता, असा प्रश्न. मी झोपले होते हेच उत्तर होतं, आणि त्याचा पुरावा काय देणार? दोन दिवस मला घरी बसवलं. शेवटी माझ्या एका सहकाऱ्याने विचारलं की ही वेळ कुठली आहे? ती यूटीसी होती. ०२:४० मध्ये साडेपाच तास मिळवले की सकाळचे ८:१० होतात, आणि सव्वाआठला आमची मीटिंग असायची. मी त्या मीटिंगसाठीच फाइल उतरवत होते.

मंदार, तुमचा तो इंजिनियर दोषी असेलही. पण शीट त्याच्यासमोर किंवा पोलिसांसमोर ठेवण्याआधी प्रत्येक वेळेपुढे ती कुठल्या घड्याळाची आहे ते लिहा.

मंदार_चाकण

नदीकाठ, मनापासून धन्यवाद. ३६५ मधून कालच ऑडिट लॉग काढला, मीही त्या वेळा आपल्याच समजत होतो. सगळ्या यूटीसी आहेत.

वैदेही_के

नदीकाठ यांनी सांगितलेलं मी नेहमी पाहते. आणि एकाच प्रकरणात दोन प्रकारच्या वेळा येतात म्हणून गोंधळ वाढतो. ३६५ चा लॉग यूटीसीत, विंडोजचा इव्हेंट लॉग साठवलेला यूटीसीत पण पडद्यावर भारतीय वेळेत दिसतो, आणि जुन्या फॅट३२ पेन ड्राइव्हवर स्थानिक वेळ. माझी पद्धत अशी की मूळ फाइलला हात लावायचा नाही, आणि कामाच्या प्रतीत दोन रकाने करायचे, मूळ वेळ जशीच्या तशी आणि शेजारी भारतीय वेळ.

मंदार, ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली नाही ना? एक्सेल तारखा स्वतःच्या पद्धतीने बदलतं आणि हॅशही बदलतो. केली असेल तर पुन्हा उतरवा, आधी हॅश काढा, मग प्रत उघडा. शोधाच्या पडद्यावर जितक्या नोंदी दाखवल्या तितक्याच ओळी फाइलमध्ये आहेत का तेही मोजा. मोठ्या शोधात काही ओळी गळतात आणि फाइल वरवर पूर्ण दिसते.

मुग्धा_एचआर

एचआर म्हणून विचारते. लॅपटॉप कंपनीचा, हे मान्य. पण क्रोममध्ये त्याचं स्वतःचं जीमेल उघडंच राहिलेलं असतं बऱ्याचदा. आमच्याकडे एकाने ते उघडून मेल शोधायला सुरुवात केली होती, मी थांबवलं. बरोबर केलं का?

अ‍ॅड_सातारकर

अगदी बरोबर केलंत. लॅपटॉप कंपनीचा असला तरी ते खातं त्याचं आहे. सेव्ह राहिलेल्या पासवर्डने आत शिरणं म्हणजे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत जाणं. ज्या कलम ४३ खाली तुम्ही तक्रार करताय त्याच कलमाखाली तुमच्यावर तक्रार होऊ शकते. त्याचा स्वतःचा फोन आणि पेन ड्राइव्हही तसेच. हवे असतील तर पोलिसांमार्फत.

निवृत्त_फौजदार

संगणकातलं मला फार कळत नाही, पण मुद्देमाल आयुष्यभर सांभाळला. मंदार, माझं ऐका. पाकिटावर सील लावताना दोन माणसं बाहेरच्या विभागातली घ्या, हिशेब खात्यातला एक, स्टोअरमधला एक. तुमच्याच हाताखालची मुलं पंच म्हणून उभी केलीत तर उलटतपासणीत टिकत नाहीत. सही पाकिटाच्या तोंडावर अशी घ्या की अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर येईल. आणि तारखेच्या शेजारी वेळ लिहा. नुसती तारीख असलेली मुद्देमाल पावती म्हणजे वकिलाला आमंत्रण.

कपाटाच्या दोन दिवसांची काळजी करताय, पण "माहीत नाही" असं लिहिलेला पंचनामा मी कोर्टात टिकलेला पाहिलाय. सगळंच माहीत होतं असं लिहिलेला आणि नंतर फुटलेलाही पाहिलाय.

मंदार_चाकण

सगळ्यांचं वाचून काम केलं, कसं केलं ते लिहितो. चुकत असेल तिथे सांगा.

बाहेरच्या एका फॉरेन्सिक कंपनीचा माणूस बोलावला. मीटिंग रूममध्ये मी, तो, अकाउंट्सच्या मॅडम आणि स्टोअरचे एक जण. दार बंद. आधी लॅपटॉपचे सगळ्या बाजूंनी फोटो, तळाचा सीरियल नंबर वाचता येईल असा. मग तळाचं झाकण उघडून डिस्क काढली. डिस्कच्या लेबलवरचा सीरियल नंबर मॅडमनी मोठ्याने वाचला, मी लिहिला, स्टोअरच्या काकांनी तपासला. आठ आणि बी मध्ये आम्ही एकदा अडखळलो, फोटो मोठा करून खात्री केली.

डिस्क काढल्यावरच लॅपटॉप चालू करून बायोसमधलं घड्याळ पाहिलं. शेजारी मोबाइल धरून दोन्ही एका फोटोत घेतले. लॅपटॉप चार मिनिटं पुढे होता.

डिस्क एनव्हीएमईच्या राइट ब्लॉकरला जोडली. त्या माणसाने इमेज काढली आणि लगेच पडताळून पाहिली. पडताळणीसकट दुपार गेली. शेवटी सॉफ्टवेअरने दाखवलेली सेक्टरांची संख्या १,०००,२१५,२१६, म्हणजे ५१२ जीबीच्या डिस्कला हवी तेवढीच, आणि न वाचलेला सेक्टर एकही नाही. हॅश छापून घेतला, त्याच कागदावर चौघांच्या सह्या. बिटलॉकर न उघडताच, जशीच्या तशी कुलूपबंद प्रत काढली. नंतर कामाची प्रत रिकव्हरी कीने उघडली.

फॉर्मच्या पहिल्या पानावर शुक्रवार ते सोमवारचं निवेदन आहे, आजच्या तारखेने. डायरेक्टरांना फौजदार काकांची पोस्ट वाचून दाखवली, मग कोणी हट्ट केला नाही. दुसऱ्या पानापासून प्रत्येक हस्तांतराला एक ओळ: वस्तू, सील क्रमांक, कोणाकडून, कोणाकडे, तारीख, वेळ, कशासाठी, दोन सह्या. सकाळी इमेजची एक प्रत तिजोरीतून तासाभरासाठी काढली, तरी दोन ओळी झाल्या.

आता वाईट बातमी. फाइल सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये शनिवारच्या आधीचं काहीच उरलेलं नाही. आणि फाइल कोणी वाचली याची नोंद करायचं सेटिंग त्या फोल्डरवर कधी लावलेलंच नव्हतं. ३६५ चा लॉग मात्र पूर्ण मिळाला.

वैदेही_के

मंदार, काम उत्तम झालंय. डिस्क काढून मग घड्याळ पाहिलंत, हे फार थोडे जण करतात. ती चार मिनिटं अहवालात लिहा, पण प्रत्येक वेळेतून सरसकट वजा करू नका. आज चार मिनिटं पुढे म्हणजे महिन्यापूर्वीही चार मिनिटंच पुढे होतं असं नसतं. नेटवर्कवर असताना विंडोज घड्याळ जुळवून घेतं. इव्हेंट लॉगमध्ये वेळ बदलल्याच्या नोंदी सापडतात, त्या पाहा.

सर्व्हरचा जुना लॉग गेला तो गेला. तो शोधला, कधीपासूनचा मिळाला, का नव्हता, हेही लिहून ठेवा. नाहीतर तुम्हीच तो दडवला असं कोणी म्हणेल.

सर्किटराजा

एक शंका आहे, वाद म्हणून विचारत नाही. दुकानात एका एसएसडीचा हॅश काढला, आठवड्याने त्याच डिस्कचा परत काढला, आकडा वेगळा. मध्ये कोणी हात लावला नव्हता. मग मंदारच्या डिस्कचा हॅश कोर्टात परत काढला आणि वेगळा आला तर?

वैदेही_के

फार चांगली शंका आहे. एसएसडीच्या आतला कंट्रोलर वीज मिळाली की स्वतःची साफसफाई करतो, डिलीट झालेल्या जागा रिकाम्या करत बसतो. राइट ब्लॉकर बाहेरून येणारं लिखाण अडवतो, डिस्कच्या पोटातलं काम अडवू शकत नाही. म्हणून एसएसडीच्या बाबतीत इमेजचा हॅश हाच टिकाऊ आकडा धरायचा, आणि ही गोष्ट अहवालात आधीच लिहून ठेवायची. समोरच्याने विचारल्यावर सांगितलं की सबब वाटते.

मंदार, याच कारणाने डिलीट केलेली ड्रॉइंग्ज परत मिळण्याची फार आशा धरू नका. विंडोज फाइल डिलीट होताच त्या जागा मोकळ्या झाल्याचं डिस्कला कळवते, आणि बहुतेक डिस्क त्यानंतर तिथे शून्यच दाखवतात.

मंदार_चाकण

कळलं. आता सापडलेलं सांगतो. शेवटच्या दोन आठवड्यांत `setupapi.dev.log` मध्ये एक पेन ड्राइव्ह पहिल्यांदा जोडल्याची नोंद, सीरियल नंबरसकट. त्याच दिवशी काही शॉर्टकट फाइली अशा तयार झाल्यात की ज्या ई ड्राइव्हवरच्या ड्रॉइंगकडे बोट दाखवतात, आणि त्या फाइलींची नावं आमच्या सर्व्हरवरच्या नावांशी जुळतात. ३६५ मध्ये त्याच्या नावावर एका दुपारी `FileDownloaded` च्या नोंदींची रांग आहे. वापरलेला आयपी आमच्या ऑफिसचाच. यावरून कॉपी केल्याचं सिद्ध झालं ना?

वैदेही_के

इथे सावकाश. विंडोजमध्ये "अमुक फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केली" अशी सरळ नोंद मुळात होत नाही. तुमच्याकडे आहे ते असं: हा पेन ड्राइव्ह या लॅपटॉपला जोडला होता, आणि त्याच्यावरची त्या नावाची फाइल या लॅपटॉपवरून उघडली गेली. शॉर्टकटमध्ये ड्राइव्हचा व्हॉल्यूम क्रमांक आणि फाइलचा आकार असतो. तो आकार सर्व्हरवरच्या फाइलच्या आकाराशी बाइटपर्यंत जुळला तर मुद्दा बळकट होतो. तयार झाल्याची वेळ बदलल्याच्या वेळेनंतरची असेल तर ती फाइल तिथे कॉपी होऊन आली असं म्हणायला जागा आहे. पण ती कोणी आणली आणि पुढे स्पर्धकाकडे कशी गेली, हे लॅपटॉप सांगणार नाही. तो पेन ड्राइव्ह मिळाला तर सीरियल नंबर जुळवता येईल, आणि ते काम पोलिसांचं.

३६५ च्या त्या रांगेतही तपासा की यात वनड्राइव्हच्या आपोआप सिंकच्या नोंदी मिसळल्या नाहीत ना. त्यांचं नाव `FileSyncDownloadedFull` असं वेगळं असतं. तुम्ही लिहिलेलं नाव ब्राउझरमधून उतरवल्यावर येतं, पण त्याच ओळीत कुठल्या प्रोग्रॅमने मागितलं तेही असतं, ते वाचा.

नदीकाठ

आणि नोटीस पीरियडमध्ये तो कुणाला काम समजावून देत होता का, हेही विचारा. हस्तांतरासाठी फाइली पेन ड्राइव्हवर घ्यायला त्याच्या साहेबानेच सांगितलं असेल तर?

मंदार_चाकण

विचारलं. साहेब म्हणतात सांगितलं नव्हतं. लेखी काहीच नाही, ना हो म्हणणारं ना नाही म्हणणारं.

अ‍ॅड_सातारकर

मग साहेबांचं लेखी निवेदन घ्या. तो बचाव नक्की येणार.

आता प्रमाणपत्राचा भाग ब. कलम ६३ मध्ये तज्ज्ञ कोण याची व्याख्या दिलेली नाही. कलम ३९(२) माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९अ खाली अधिसूचित परीक्षकाचं मत ग्राह्य धरतं, पण भाग ब वर फक्त त्यानेच सही करावी असं ६३ म्हणत नाही. माझ्या मते तुम्ही बोलावलेल्या फॉरेन्सिकवाल्याची सही चालावी.

वैदेही_के

इथे मी थोडी वेगळ्या मताची आहे. चालेलही, पण त्या माणसाचे पैसे कंपनीने दिलेत, हे पहिल्या प्रश्नातच निघेल. गंभीर प्रकरणात मूळ डिस्क पोलिसांमार्फत सरकारी प्रयोगशाळेत जाऊ द्यावी, आणि आपली इमेज पडताळणीला हाताशी ठेवावी असं मला वाटतं.

अ‍ॅड_सातारकर

वेळेचा प्रश्न आहे ताई. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ग्राहक थांबत नाही. मनाई हुकमासाठी दिवाणी न्यायालयात आजच जावं लागेल, तिथे खासगी तज्ज्ञाच्या सहीवर सुरुवात करायची. मतभेद राहू द्या.

सर्व्हररूम

एक राहिलं. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा लीकसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, आणि लॉग १८० दिवसांचे ठेवायचे असतात. मंदार, तुमचा सर्व्हर लॉग शनिवारपासूनचाच आहे म्हणजे दुसऱ्या अटीतही अडचण आहे.

मंदार_चाकण

सोमवारचे सहा तास केव्हाच उलटले. वकिलांशी बोलून आज कळवतोय, उशीर का झाला तेही लिहितोय. लॉग बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायची खरेदी मंजूर झाली.

उद्या सायबर पोलीस ठाण्यातून साहेब येणार आहेत. फोनवर म्हणाले, लॅपटॉप आणि फाइल सर्व्हर दोन्ही ताब्यात घ्यावे लागतील. सर्व्हर गेला तर अख्खं डिझाइन बंद पडेल. काय करू?

वैदेही_के

त्यांना आदराने दाखवा की सर्व्हरवरून काढलेले लॉग आणि त्या फोल्डरची प्रत हॅशसकट तयार आहे, आणि हवं तर त्यांच्या समोर पुन्हा काढून देता. सर्व्हर चालता असतो, बंद करून नेला तर त्यांनाही उघडायला त्रास. बहुतेक वेळा तपास अधिकारी हे ऐकतात. ऐकलं नाही तर अडवू नका, आजच रात्री पूर्ण बॅकअप घेऊन ठेवा.

निवृत्त_फौजदार

आणि आयटी कायद्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो, तेव्हा येणाऱ्याचं नाव आणि हुद्दा तुमच्या फॉर्मवरही लिहा. डिस्कचं सील त्यांच्यासमोर पंचांनी आधी पाहावं, शाबूत आहे असं पंचनाम्यात यावं, इमेजचा हॅश पंचनाम्यातच लिहून घ्यावा. जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्या, देतात. तुमच्या फॉर्मची शेवटची ओळ त्यांच्या सहीने बंद होईल. पुढची नोंद त्यांच्या मुद्देमाल रजिस्टरला सुरू होते, तिचा क्रमांक विचारून घ्या.

मंदार_चाकण

घेतो काका. पंचांना सकाळी दहाला बोलावलंय. बॅकअप आत्ता सुरू केला.